सदतीसशे की सहासष्टशे?

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी माझ्या मावसभावाने व्हॉट्सअॅपवर सात फोटो पाठवले. दोन ब्रोशरचे. एक बायपासच्या पलीकडे बांधकाम चालू असलेल्या स्कीमचं, दुसरं निपानियातल्या बांधून तयार असलेल्या इमारतीचं. खाली एकच ओळ होती: "दादा, पहिल्याला उद्या टोकन द्यायचं म्हणतोय, एक नजर टाक."

संध्याकाळी मी लोकमान्य नगरला मावशीकडे गेलो. मावशीचा निकाल तयारच होता. "अरे, एकीकडे सदतीसशे रुपये फूट, दुसरीकडे सहासष्टशे. यात विचारायचं काय?" दिसत होतं तसंच होतं. पहिल्या ब्रोशरवर दोन बेडरूमचा फ्लॅट, ११५० चौरस फूट, दर ३,७०० रुपये. दुसऱ्यावरही दोन बेडरूम, ७४० चौरस फूट, दर ६,६०० रुपये. म्हणजे पहिला ४२ लाख ५५ हजारांचा आणि मोठा, दुसरा ४८ लाख ८४ हजारांचा आणि लहान. माझ्या भावाचा हा पहिलाच फ्लॅट. नवराबायको दोघं नोकरी करतात आणि तीन वर्षांत त्यांनी मोठ्या मुश्किलीने साडेबारा लाख साठवले आहेत. त्यांनी त्या फोटोंवरून ठरवलं ते चूक होतं असं म्हणता येणार नाही. फोटोत जे होतं त्यावरून तसंच ठरलं असतं.

दोन्ही स्कीमची नावं इथे देत नाही, त्याची गरजही नाही. असे कागद इंदूरच्या कुठल्याही सेल्स ऑफिसात मिळतात. पण आम्ही त्या रात्री टेबलावर बसून जे गणित केलं ते सविस्तर सांगतो, कारण आपल्या ओळखीतली पाच-सात तरुण जोडपी सध्या याच चक्रात आहेत.

सुरुवात फोटोंपासूनच करावी लागली. सेल्स ऑफिसात उभ्या उभ्या काढलेले फोटो तिरपे येतात, चकचकीत कागदावर दिव्याचा डाग पडतो आणि आपण नकाशा नीट यावा म्हणून कॅमेरा जवळ नेतो तेव्हा पानाची खालची पट्टी कापली जाते. ब्रोशरमधलं सगळ्यात कामाचं नेमकं त्या पट्टीत असतं. दरापुढची चांदणी मोठ्या अक्षरात असते, चांदणीचा अर्थ तळाशी मुंगीच्या अक्षरात. आमच्या सात फोटोंपैकी एकातही तळाची ओळ पूर्ण आली नव्हती, आणि रेरा नोंदणी क्रमांक ज्या शेवटच्या पानावर होता त्याचा फोटोच नव्हता. मी भावाला म्हटलं, "उद्या टोकन देऊ नकोस, उद्या परत फोटो काढून आण." त्याने दोन्ही ब्रोशर घरीच आणली. ते केव्हाही चांगलं.

एक चूक मीही केली, ती सांगून टाकतो. पहिल्या ब्रोशरमध्ये कार्पेट एरिया कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून मी लॅपटॉपवर फोटो मोठा करून स्क्रीनवर खोल्या मोजायला लागलो. हॉलची एक बाजू माहीत आहे, त्यावरून बाकीच्यांचं प्रमाण काढू, असा इंजिनिअरी विचार. एकदा ६४० आले, दुसऱ्यांदा ७२०. तिरप्या फोटोत कॅमेऱ्याजवळची खोली मोठी आणि लांबची लहान दिसते, त्यामुळे असं मोजणं फुकट असतं. शिवाय नकाशे बऱ्याचदा प्रमाणात काढलेलेच नसतात आणि त्यातला डबल बेड खऱ्या पलंगापेक्षा लहान काढलेला असतो, म्हणून खोली ऐसपैस वाटते. चित्र सोडून द्यायचं आणि खोल्यांवर छापलेले आकडे घ्यायचे. तेही जपून. दुसऱ्या ब्रोशरमध्ये बेडरूमवर "१०.११" असं लिहिलं होतं. ते दहा पूर्णांक अकरा शतांश फूट नाही, दहा फूट अकरा इंच आहे, म्हणजे जवळजवळ अकरा फूट. कॅल्क्युलेटरला हे कळत नाही.

पहिल्या ब्रोशरच्या खोल्यांची बेरीज अशी आली. हॉल आणि जेवणाची जागा १८ बाय ११, म्हणजे १९८. स्वयंपाकघर ९ बाय ८, म्हणजे ७२. मोठी बेडरूम साडेबारा बाय ११, लहान ११ बाय साडेदहा, दोन्ही मिळून २५३. दोन न्हाणीघरं सुमारे ७४ आणि मधला पॅसेज ४२. एकूण ६३९. बाल्कनी ५० आणि धुण्याभांड्याची जागा २० चौरस फूट, ती वेगळी. ब्रोशरवर मात्र ११५०.

मग बाकीचे फूट गेले कुठे? ११५० हा सुपर बिल्टअप एरिया. त्यात बाहेरच्या भिंतींची जाडी, जिना, लिफ्ट, लॉबी, कधी क्लबहाऊससुद्धा, सगळ्यांचा वाटा घालून फ्लॅटचा आकडा फुगवलेला असतो. तो वाटा किती घ्यायचा याचं कायद्यात माप नाही. एक बिल्डर चाळीस टक्के चढवतो, दुसरा सत्तर, आणि दोघांचंही खोटं ठरवता येत नाही, कारण ज्याची व्याख्याच नाही ते तपासणार कशाशी?

कार्पेट एरियाची व्याख्या मात्र २०१६च्या रेरा कायद्यात नेमकी आहे. फ्लॅटच्या आतली वापरता येणारी जमीन, त्यात आतल्या खोल्यांमधल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, पाइपांचे शाफ्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरायची नाही. म्हणून खोल्यांच्या बेरजेपेक्षा हा आकडा थोडा जास्त येतो, साधारण चार-पाच टक्के, तेवढी आतल्या भिंतींची जाडी. आमच्या ६३९मध्ये तीसेक मिळवले की ६७० होतात. मध्य प्रदेश रेराच्या rera.mp.gov.in या साइटवर त्या स्कीमचा नोंदणी क्रमांक टाकला (इंदूरचे क्रमांक P-IND- ने सुरू होतात) तेव्हा या फ्लॅटचा कार्पेट ६२.३ चौरस मीटर निघाला. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. गुणाकार केला तर ६७०.६. हिशेब जुळला याचा मला उगीचच आनंद झाला.

मग दुसऱ्या ब्रोशरकडे वळलो, जरा आदरानेच, कारण त्याने प्रामाणिकपणे "कार्पेट ७४०" छापलं होतं. पण कापल्या गेलेल्या तळाच्या ओळीत लिहिलं होतं की यात बाल्कनी धरली आहे. रेराच्या नोंदीत ६५ चौरस मीटर होते, म्हणजे ७०० फूट. चाळीस फुटांची बाल्कनी कार्पेटच्या भावाने विकायला काढली होती. तेव्हा "आम्ही कार्पेटवर बोलतो" म्हणणाऱ्यालाही एकदा "रेरा कार्पेट का?" असं विचारून घ्यावं.

आता दोन्ही दर एकाच मापावर आणता येतात. पहिला, ४२ लाख ५५ हजार भागिले ६७०, म्हणजे फुटाला ६,३५१ रुपये. दुसरा, ४८ लाख ८४ हजार भागिले ७००, म्हणजे ६,९७७. सदतीसशे आणि सहासष्टशे यांच्यातली दरी सहाशे रुपयांवर आली. मावशीने चष्म्यावरून बघत म्हटलं, "तरी पहिलाच स्वस्त ना?" हो. या पायरीपर्यंत मावशीच बरोबर होती. बरेच लोक इथे थांबतात आणि आपण फार खोलात गेलो असं समजतात.

पुढचा भाग ब्रोशरमध्ये नव्हताच. तिथे फक्त "इतर शुल्क व शासकीय कर अतिरिक्त" एवढं लिहिलेलं. भावाने सोमवारी दोन्ही ऑफिसांतून कॉस्ट शीट मागितलं. एकाने लगेच छापून दिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या ऑफिसातल्या सेल्सच्या मुलाने साध्या कागदावर पेनाने लिहून दिलं, आणि पुन्हा पुन्हा सांगितलं की "सर, ये तो सब जगह लगता है." बरोबर आहे, सगळीकडे लागतं. प्रश्न किती लागतं हा आहे.

त्या हस्तलिखित कागदावर पहिली ओळ बागेकडे तोंड असल्याची होती, फुटाला ७५ रुपये. दुसरी मजल्याची: तिसऱ्याच्या वरच्या प्रत्येक मजल्याला फुटामागे २० रुपये, आणि फ्लॅट सहावा, म्हणून ६०. हे दोन्ही दर लावले जातात ११५०वर, ६७०वर नाही. म्हणजे ज्या जिन्यातून बाग दिसत नाही त्या जिन्याच्या वाट्यालाही आपण बागेचे पैसे देतो. बागेचे झाले ८६,२५०, मजल्याचे ६९,०००. नंतर कव्हर्ड पार्किंग दोन लाख, क्लब एक लाख, वीज जोडणी आणि ट्रान्सफॉर्मर ७५ हजार. किंमत ४२ लाख ५५ हजारांवरून ४७ लाख ८५ हजारांवर गेली.

पार्किंगबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. रेरा कायद्यात उघडी पार्किंगची जागा ही सामाईक जागेत मोडते. ती सगळ्यांची, तिचे वेगळे पैसे लावून ती एकाला विकता येत नाही. तेव्हा कागदावर नुसतं "पार्किंग २ लाख" असेल तर जागेवर जाऊन खांबाचा नंबर बघावा. आमच्या बाबतीत ती इमारतीखालची निघाली, उघड्यावरची नाही.

खरी गंमत जीएसटीत आहे. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला १ एप्रिल २०१९पासून पाच टक्के जीएसटी लागतो, पण परवडणाऱ्या घरांना एकच टक्का. परवडणारं म्हणजे काय, याच्या दोन अटी. इंदूर जीएसटीच्या यादीत महानगर नाही, म्हणून कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत चालतो. दोन बेडरूमचा फ्लॅट त्यात आरामात बसतो. दुसरी अट किमतीची, ४५ लाख. आणि ही किंमत म्हणजे ब्रोशरवरची नाही. बागेचे, पार्किंगचे, विकासाचे, सामाईक सोयींचे, बिल्डर फ्लॅटपोटी जे जे घेईल ते सगळं मिळून ४५ लाखांच्या आत हवं. भावाने मनात ४२ लाख ५५ हजारांवर एक टक्का, म्हणजे ४२ हजार धरले होते. प्रत्यक्षात ४७ लाख ८५ हजारांवर पाच टक्के, म्हणजे २ लाख ३९ हजार.

मी त्याला उलटं गणित करून दाखवलं. समज, हाच फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूचा आणि कव्हर्ड पार्किंग न घेता घेतला. क्लब आणि वीज टाळता येत नाहीत, ते धरून किंमत होते ४४ लाख ३० हजार. एक टक्का, ४४,३०० रुपये कर. आता त्याच मजल्यावर फक्त बागेकडचा घेतला तर किंमत ४५ लाख १६ हजार होते, रेषा ओलांडली जाते आणि कर २ लाख २५ हजारांच्या वर जातो. खिडकीतून बाग दिसण्याची किंमत ८६ हजार नाही, कर धरून २ लाख ६८ हजारांच्या घरात. त्याची बायको म्हणाली, "एवढ्यात तर आम्ही रोज नेहरू पार्कला रिक्षाने जाऊ." सेल्स ऑफिसात हे कोणी सांगत नाही. लपवतात असं नाही, त्यांचा कागद ओळीओळीने चालतो आणि कर शेवटच्या ओळीत येतो, त्यामुळे कुठल्या ओळीने रेषा ओलांडली हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

निपानियाच्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळालेला होता. दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या आणि सगळे पैसे नंतरच दिलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही. इथे नुसतं "रेडी पझेशन" या शब्दावर जाऊ नये, दाखल्याची प्रत आणि तिच्यावरची तारीख बघावी. इमारत रंगवून उभी असते, लोक राहायलाही आलेले असतात आणि दाखला अजून यायचा असतो, असं होतं.

उरलेल्या ओळी लहान, पण मिळून नगण्य नाहीत. पहिल्याकडे देखभालीचे दोन वर्षांचे पैसे आगाऊ, तेही ११५० फुटांवर, आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी: ८१ हजार. शिवाय कॉर्पस ५० हजार आणि कागदपत्रांचे १५ हजार. दुसऱ्याकडे पार्किंग किमतीतच. वीज ५० हजार, कॉर्पस ४० हजार, एका वर्षाची देखभाल करासह ३५ हजार, कागदपत्रं १५ हजार. मी सगळं एका शीटमध्ये टाकलं. दुसऱ्या ओळीत रेरा कार्पेट, तिसरीपासून एकेक रक्कम, आणि शेवटी एवढंच:

```
=SUM(C3:C14)/C2
```

पहिल्याची बेरीज ५१ लाख ७१ हजार आली, दुसऱ्याची ५० लाख २४ हजार. कार्पेटच्या फुटाला पहिला ७,७१८, दुसरा ७,१७७. ब्रोशरवर जो जवळजवळ निम्म्या दराचा दिसत होता तो फुटाला ५४१ रुपयांनी महाग निघाला, आणि आतून तीस फूट लहानही. मावशी काही बोलली नाही, चहा टाकायला उठली.

भावाने मात्र योग्य हरकत काढली. "दादा, पण त्याची बाल्कनी मोठी आहे." खरं आहे. पहिल्याला बाल्कनी आणि धुण्याची जागा मिळून ७० फूट, दुसऱ्याला ४०. बाल्कनी शून्य धरणं हे कायद्याचं माप झालं, राहणाऱ्याचं नाही. म्हणून आम्ही बाल्कनी अर्ध्या भावाने धरून पाहिली. पहिला ७०५ फूट, दर ७,३३५. दुसरा ७२० फूट, दर ६,९७८. अंतर कमी झालं, क्रम बदलला नाही. ही अर्ध्याची अट माझी स्वतःची आहे, कुठल्या नियमात नाही. ज्याला झाडांची हौस आहे त्याने पूर्ण धरावी.

दुसऱ्या बाजूनेही एक रक्कम या शीटमध्ये नाही. बायपासचा फ्लॅट हातात यायला कागदावर दोन वर्षं आहेत आणि तोवर तिलक नगरचं घरभाडं चालूच राहणार, महिन्याला बारा हजार. ते झाले २ लाख ८८ हजार. शिवाय बँकेने जसजसे हप्ते बिल्डरला दिले तसतसं त्यावरचं व्याज चालू होतं. याउलट बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचे पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे असतात, एकदम जमवावे लागत नाहीत, ही तरुण जोडप्याला मोठीच सोय असते. ती मी कमी लेखणार नाही, कारण पुढे नेमकी तीच अडचण निघाली.

आम्ही इतका वेळ दोन्हींची तुलना करत होतो, पण हातात रोख किती हवी हे पाहिलंच नव्हतं. भावाचा हिशेब साधा होता: बँक ऐंशी टक्के देते, वीस टक्के आपले, ४८ लाख ८४ हजारांचे वीस टक्के म्हणजे पावणेदहा लाख, आणि आपल्याकडे साडेबारा आहेत. बँकेबद्दल त्याचं बरोबर होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस ते पंचाहत्तर लाखांच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांची मर्यादा आहे. पण त्या किमतीत बँकेने मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च धरायचा नाही, असाही नियम आहे. म्हणजे रजिस्ट्रीचे पैसे पूर्ण आपल्या खिशातले.

आणि मध्य प्रदेशात रजिस्ट्री स्वस्त नाही. पुण्याच्या नातेवाइकांचे आकडे ऐकून इथे हिशेब करू नये. शहरी भागात मुद्रांक शुल्क, पालिकेचा वाटा आणि नोंदणी मिळून साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातं, आणि ते व्यवहाराची किंमत किंवा कलेक्टर गाइडलाइनचा दर, यातल्या जास्त आकड्यावर. स्त्रीच्या नावावर घेतल्यास नोंदणी शुल्कात सवलत मिळते; तिच्या अटी आणि त्या वर्षीचा आकडा रजिस्ट्री करणाऱ्याला आधीच विचारावा. सवलत न धरता निपानियाच्या फ्लॅटची रजिस्ट्री ६ लाख १० हजार. त्यात वीज, कॉर्पस, देखभाल वगैरे १ लाख ४० हजार, आणि वर पावणेदहा लाख. एकूण सव्वासतरा लाख. जवळ साडेबारा. पावणेपाच लाखांचा खड्डा.

त्या आकड्यापाशी आम्ही बराच वेळ गप्प बसलो. सोनं, मावशीची मुदतठेव, ऑफिसचं पर्सनल लोन, सगळ्यांची नावं निघाली. पर्सनल लोनला मी विरोध केला. गृहकर्जाच्या हप्त्यावर आणखी एक चढ्या व्याजाचा हप्ता घेतला की पगारवाढ होईपर्यंत श्वास घेता येत नाही. माझ्या एका सहकाऱ्याचं झालेलं मी पाहिलं आहे.

पहिल्या फ्लॅटच्या टोकनचं काय झालं तेही सांगतो, कारण त्यात दोन कायदेशीर गोष्टी आहेत. सेल्सचा मुलगा म्हणत होता की दहा लाख आत्ता द्या, दर वाढणार आहे, करारनामा दोन महिन्यांनी करू. रेराच्या कलम १३प्रमाणे नोंदलेला करारनामा होण्याआधी बिल्डरला फ्लॅटच्या किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. सत्तेचाळीस लाखांच्या फ्लॅटला दहा लाख म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त. भावाने हे विचारल्यावर दहाचे लगेच एक झाले. आपल्या इंदुरात प्लॉटचे सौदे डायरीवर झालेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना साध्या पावतीचं मोल काय ते वेगळं सांगायला नको. दुसरी गोष्ट, कलम १२. ब्रोशर किंवा जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते, आणि त्याच कारणाने माघार घ्यायची असेल तर पैसे व्याजासह परत मागता येतात. म्हणून ब्रोशर फेकू नये. त्याच्या सगळ्या पानांचे, कडेपासून कडेपर्यंत, सरळ वरून फोटो काढावेत, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, म्हणजे मुंगीची अक्षरं वाचता येतात. कोणत्या तारखेला, कोणी दिलं, तेही मागे लिहून ठेवावं.

टोकन कुठेच दिलं नाही. भाऊ निपानियाच्या ऑफिसात शीटची छापील प्रत घेऊन गेला. रेरा कार्पेट ७०० असताना ७४०चे पैसे का, हा एकच प्रश्न त्याने विचारला, आवाज न चढवता. पहिल्या दिवशी उत्तर मिळालं नाही. चौथ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला: दर तोच राहील, पण बाल्कनी अर्ध्या भावाने धरू. वीस फुटांचे १ लाख ३२ हजार कमी झाले, आणि त्यामुळे रजिस्ट्री आणि वीस टक्क्यांची रक्कम धरून रोख साधारण ४३ हजारांनी उतरली. खड्डा अजून सव्वाचार लाखांचा आहे. त्याच्या बायकोच्या नावावर रजिस्ट्री करायचं ठरतंय, मावशीची ठेव मार्चमध्ये मोकळी होते आणि मॅनेजरने डिसेंबरपर्यंत थांबायची तयारी दाखवली आहे, तोंडी. तेवढं लेखी मागायला भाऊ शनिवारी पुन्हा जाणार आहे. यावेळी मीही बरोबर जातोय.